पेस्ट कंट्रोलनंतरही झुरळे परत येतात आणि घरात शिरताच खोकला सुरू होतो: भेटनिश्चितीच्या संदेशात काय तपासावे

मुंबईतील निवासी इमारतींमध्ये पेस्ट कंट्रोलच्या कामावर देखरेख करताना माझ्याकडे दोन तक्रारी सतत येतात. पहिली अशी, की फवारणीनंतर घरी परतलेल्या माणसांचे डोके दुखू लागले, घसा खवखवला किंवा एखाद्या वृद्ध व्यक्तीला खोकल्याची उबळ आली. दुसरी अशी, की आठ-दहा दिवसांतच ओट्याखालच्या ट्रॉलीत झुरळे पुन्हा दिसू लागली. पहिल्या तक्रारीत लोक औषध फार जालीम होते असे म्हणतात आणि दुसऱ्या तक्रारीत तेच औषध पाणी मिसळलेले होते असे म्हणतात. प्रत्यक्षात बऱ्याच घरांमध्ये या दोन्ही तक्रारी एकाच ठिकाणी उगम पावतात, आणि ते ठिकाण म्हणजे भेटीच्या आदल्या दिवशी फोनवर आलेला निश्चितीचा संदेश. म्हणून तक्रार आली की मी औषधाची बाटली पाहण्याआधी तो संदेश पाहायला मागतो.

हा संदेश बहुधा अशा धर्तीचा असतो: "आपली पेस्ट कंट्रोल सेवा शनिवारी सकाळी 11 वाजता निश्चित झाली आहे. कृपया सर्व सामान झाकून ठेवावे व चार तास घराबाहेर राहावे." वाचायला तो पुरेसा वाटतो, परंतु त्यात तीन गोष्टी सुटलेल्या असतात. काम कोणत्या पद्धतीने होणार आहे हे त्यात नसते. चार तास कोणत्या क्षणापासून मोजायचे हे नसते. आणि काय झाकायचे हे मोघम असले तरी निदान असते, पण काय उघडे आणि रिकामे ठेवायचे याचा तर उल्लेखही नसतो. या तिन्हींचा परिणाम कसा होतो ते एका घराच्या उदाहरणाने सांगतो.

विक्रोळीच्या कन्नमवार नगरमधील एक वन बीएचके घर. घरात पती-पत्नी, रांगणारे दहा महिन्यांचे बाळ आणि दम्याचा त्रास असलेल्या आजी. जुलै महिना. ट्रॉलीच्या बिजागऱ्यांमध्ये, मिक्सरच्या बुडाशी आणि फ्रीजच्या मागे लहान, फिकट तपकिरी रंगाची झुरळे झाली होती. संदेश वर दिल्याप्रमाणेच होता. कुटुंबाने ओट्यावरची भांडी आणि डबे जुन्या चादरींनी झाकले, ओट्याखालच्या ट्रॉल्या भरलेल्याच ठेवून त्यांच्यावरही वर्तमानपत्रे पसरली, आणि अकराच्या आधी आजी व बाळाला घेऊन यजमानांच्या सासुरवाशीण बहिणीकडे निघून गेले. यजमान तेवढे कर्मचाऱ्याची वाट पाहत थांबले. कर्मचारी वाहतुकीत अडकून 12 वाजून 20 मिनिटांनी पोहोचला. त्याने ट्रॉलीच्या बाहेरून आणि काही ठिकाणी आत जेलचे थेंब लावले, मग त्याच ओट्याखाली, बाथरूममध्ये आणि हॉलच्या कडांना फवारणी केली. काम 1 वाजून 15 मिनिटांनी संपले. निघताना यजमानांनी विचारले, "दादा, आता किती वाजता परत यायचं?" तो म्हणाला, "मेसेजमध्ये आहे ना साहेब, चार तास." संदेशातली वेळ होती अकराची. अकरा अधिक चार म्हणजे तीन. सारे कुटुंब तीनला घरात होते.

म्हणजे फवारणी संपल्यानंतर केवळ पावणेदोन तासांनी, बंद खिडक्यांच्या आणि पावसाळी दमट हवेच्या घरात, आजी आणि बाळासह सगळे एकदम आत शिरले. फ्रीजमागची कड अजून ओली होती. आजींना खोकला सुरू झाला. घाबरून सुनेने सगळ्या खिडक्या उघडल्या आणि बाळ रांगते म्हणून संपूर्ण लादी, कडा आणि कोपऱ्यांसकट, फिनेल घालून दोनदा पुसून काढली. ट्रॉल्याही ओल्या फडक्याने पुसल्या. तिने केले ते आईच्या नात्याने अगदी स्वाभाविक होते. पण त्या पुसण्यात फवारणीचा थर निघून गेला, जेलचे बरेचसे थेंबही गेले, आणि पुढच्या आठवड्यात झुरळे होती तिथेच होती. कंपनीने फुकट दुसरी भेट दिली, तेव्हाही संदेश तोच आला आणि क्रमही जवळपास तोच घडला.

पद्धत कळल्याशिवाय बाकीचे काहीच ठरत नाही

घरगुती झुरळांसाठी मुख्यतः दोन पद्धती वापरल्या जातात आणि त्यांच्या सूचना एकमेकींच्या जवळपास उलट आहेत.

जेल हे आमिष आहे. त्यात खाद्यपदार्थाच्या बरोबर इमिडाक्लोप्रिड किंवा फिप्रोनिलसारखे कीटकनाशक अल्प प्रमाणात असते. इमिडाक्लोप्रिडच्या प्रचलित जेलमध्ये ते 2.15 टक्के असते. मसुराच्या दाण्याएवढे थेंब बिजागऱ्यांत, ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्यांत आणि फ्रीजच्या मोटरजवळ लावतात. झुरळ ते खाते, आपल्या लपण्याच्या जागी परत जाते आणि तिथे मरते. त्याची विष्ठा आणि मृत शरीर खाऊन आणखी काही झुरळे मरतात. या पद्धतीत हवेत काहीच उडत नाही, त्यामुळे घर सोडण्याची गरज नसते. लहान मूल आणि पाळीव प्राणी यांचा हात किंवा तोंड थेंबापर्यंत पोहोचणार नाही एवढे पाहिले आणि काम चालू असताना त्यांना दुसऱ्या खोलीत ठेवले की पुरते. मात्र थेंब लावलेली जागा पुसायची नाही आणि तिथे दुकानातून आणलेला स्प्रेही मारायचा नाही, कारण बहुतेक घरगुती स्प्रेमधील पायरेथ्रॉइड गटातील औषधाचा झुरळांना उग्रपणा जाणवतो आणि ती त्या आमिषाकडे फिरकतच नाहीत.

फवारणी याच्या अगदी वेगळी. पायरेथ्रॉइड गटातलेच डेल्टामेथ्रिनसारखे औषध पाण्यात मिसळून भिंतीच्या कडांना, पाइपांच्या भोवती आणि मोरीच्या जाळीजवळ मारले जाते. पाणी उडून जाते आणि पृष्ठभागावर औषधाचा अतिशय पातळ, न दिसणारा थर उरतो. झुरळ त्यावरून चालले की औषध त्याच्या पायांना लागते. हा थर न पुसल्यास काही आठवडे काम करतो. म्हणून फवारणीत दोन टप्पे पक्के लक्षात ठेवायला हवेत: थर वाळेपर्यंत माणसांनी त्यापासून दूर राहायचे, आणि वाळल्यानंतर त्याला हात न लावता त्याला काम करू द्यायचे. वरच्या घरात पहिला टप्पा अपुरा पाळला गेला आणि त्या भीतीपोटी दुसरा टप्पा पार मोडला.

त्या घरात आणखी एक दोष होता आणि तो कुटुंबाच्या हातातला नव्हता. जेल आणि फवारणी एकाच ओट्याखाली केली गेली. माझे मत याबाबतीत स्पष्ट आहे: स्वयंपाकघरातील ट्रॉल्या आणि कपाटे यांत फक्त जेल असावे, आणि फवारणी बाथरूम, संडास, मुख्य दाराची चौकट, पाइपांच्या डक्टकडची बाजू एवढ्यापुरती मर्यादित ठेवावी. असे केले तर फिकट तपकिरी लहान झुरळांचा बंदोबस्त अधिक चांगला होतो आणि घरातला जो भाग अन्नाचा आहे तिथे फवारा जातच नाही. भेटीच्या आधी कंपनीला फोन करून "कुठे जेल आणि कुठे फवारणी?" एवढे विचारले तरी पुढच्या निम्म्या अडचणी टळतात. उत्तर "सगळीकडे दोन्ही" असे आले तर आग्रहाने बदलून घ्यावे.

काय झाकावे, आणि काय उघडे ठेवावे

"सर्व सामान झाकावे" या सूचनेने माणसे भलत्या गोष्टींवर श्रम करतात. फवारणी होणार असलेल्या खोलीत झाकायच्या वस्तू म्हणजे ज्या तोंडात जातात, अंगाला लागतात किंवा ज्यांत पाणी असते अशा. पिण्याच्या पाण्याचे पिंप, माठ आणि फिल्टरचा नळ, कांद्या-बटाट्यांची उघडी टोपली, तेलाची बरणी, रोजची ताटे-वाट्या, टूथब्रश, बाळाच्या बाटल्या आणि खेळणी, उशा आणि पांघरुणे. देवघर अनेकदा राहून जाते. तिथला प्रसाद, कलशातले पाणी आणि निरांजनातले तूप झाकावे किंवा उचलून ठेवावे, आणि दिवा विझवलेला असावा. गॅसचा रेग्युलेटर बंद करावा. पंखे आणि एसी काम चालू असताना बंद हवेत, नाहीतर बारीक थेंब नको तिथे जाऊन बसतात.

झाकण्यासाठी प्लास्टिकचा जाड कागद किंवा स्वच्छ कचऱ्याच्या मोठ्या पिशव्या वापराव्यात. वर्तमानपत्र आणि चादर ओल शोषून घेतात. चादर ओली होते आणि मग तीच घडी घालून कपाटात जाते. शक्य असेल तर झाकण्यापेक्षा हलवणे चांगले. सगळी रोजची भांडी ज्या खोलीत फवारणी होणार नाही तिथे नेऊन ठेवावीत आणि दार लावून घ्यावे. हलवण्यापूर्वी मात्र प्रत्येक डबा आणि विशेषतः मिक्सर, टोस्टर व पुठ्ठ्याची खोकी झटकून पाहावीत, कारण झुरळे त्यांच्याबरोबरच दुसऱ्या खोलीत स्थलांतर करतात.

उघडे ठेवायचे ते असे. ज्या ट्रॉल्यांत जेल लावायचे त्या पूर्ण रिकाम्या असाव्यात आणि जमल्यास बाहेर काढून ठेवलेल्या असाव्यात. फ्रीज भिंतीपासून फूटभर पुढे ओढलेला असावा. सिंकखालची जागा, जिथे आपण सगळे पिशव्या, जुने डबे आणि पोछा कोंबून ठेवतो, ती मोकळी असावी. कन्नमवार नगरच्या घरात ट्रॉल्या भरलेल्या आणि वर कागद पसरलेला असल्यामुळे थेंब बिजागऱ्यांपर्यंत पोहोचलेच नव्हते; ते समोरच्या सपाट पट्टीवर लागले होते आणि पहिल्याच पुसण्यात गेले. ट्रॉली आधी पुसून कोरडी करून ठेवावी. तेलकट चिकटा आणि पडलेले पीठ शिल्लक असेल तर झुरळाला खायला तेच पुरते आणि आमिषाची किंमत कमी होते. ही साफसफाई भेटीच्या आधी करायची असते. बहुतेक घरांत ती भेटीनंतर होते, आणि तिथेच काम फसते.

ज्यांच्या घरी माशांची टाकी आहे त्यांनी फवारणी ठरवतानाच हे सांगावे. पायरेथ्रॉइड गटातील औषधे माशांना अत्यंत विषारी असतात, आणि हवेचा पंप खोलीतली हवा थेट पाण्यात ढकलतो. टाकीवर प्लास्टिक घालून कडा ओल्या फडक्याने बंद करणे आणि पंप थांबवणे हा प्रचलित उपाय आहे, पण टाकीत मासे जास्त असतील तर काही तास पंपाशिवाय राहणे त्यांना झेपत नाही. अशा वेळी ती खोली फवारणीतून वगळावी असे माझे सांगणे असते. मांजरीलाही या गटातील काही औषधांचा त्रास माणसापेक्षा खूप जास्त होतो; तिला आणि पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना त्या दिवशी दुसरीकडे ठेवावे.

बाहेर किती वेळ, आणि घड्याळ कधी सुरू करायचे

दोन ते चार तास ही घरगुती फवारणीसाठी रूढ मुदत आहे. ही मुदत फवारणी संपल्याच्या क्षणापासून मोजायची असते. भेटीची ठरलेली वेळ, कर्मचारी दारात आल्याची वेळ किंवा आपण घर सोडल्याची वेळ यांचा तिच्याशी काहीही संबंध नाही. मुंबईत कर्मचारी तासभर उशिरा येणे ही नित्याची गोष्ट आहे, त्यामुळे ठरलेल्या वेळेवरून केलेला प्रत्येक हिशेब त्या तासाने धोक्याच्या बाजूला सरकतो. उपाय सोपा आहे: शेवटचा फवारा मारून झाल्यावर कर्मचाऱ्याने वेळ लिहून द्यावी, किंवा घरातल्या थांबलेल्या माणसाने स्वतःला आणि घरच्यांना "1.15 ला संपले" असा निरोप पाठवावा. परतीची वेळ त्या निरोपावरून ठरवावी.

मुदत ही मुळात वाळण्याची मुदत आहे, म्हणून ती ऋतूप्रमाणे बदलते. डिसेंबरच्या कोरड्या दुपारी लादीची कड लवकर वाळते. जुलैमध्ये, जेव्हा दोरीवरचे कपडेही दोन दिवस ओले राहतात, तेव्हा बंद घरातली कड चार तासांनीही दमट असू शकते. जून ते सप्टेंबर या काळात मी संदेशातल्या मुदतीवर एक तास वाढवायला सांगतो. कन्नमवार नगरच्या घराचा हिशेब आता पुन्हा करून पाहा. फवारणी 1 वाजून 15 मिनिटांनी संपली. चार तास आणि पावसाळ्याचा एक, म्हणजे 6 वाजून 15 मिनिटे. त्यानंतर पाऊण तास हवा खेळवायची, म्हणजे सर्वांनी आत यायची वेळ सात. कुटुंब परतले तीनला. संदेशाने त्यांना चार तास आधी घरात आणले होते.

दमा असलेली व्यक्ती, गरोदर स्त्री आणि वर्षाच्या आतले बाळ यांच्यासाठी मी ही मुदत पुरेशी मानत नाही. त्यांनी ती रात्र नातेवाइकांकडे काढावी हे उत्तम, आणि ते शक्य नसेल तर त्या घरात फवारणी टाळून केवळ जेलवर काम करावे. लहान झुरळांच्या बाबतीत त्याने फारसे काही बिघडत नाही. वृद्धांना चार-पाच तास बागेत किंवा स्टेशनवर बसवून ठेवणे हा तोडगा नव्हे; संदेश आदल्या दिवशी सकाळीच हाती आला तर त्यांची सोय करता येते, म्हणून तो निदान चोवीस तास आधी मिळावा अशी मागणी करण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे. भेटीची वेळ ठरवताना इमारतीत नळाला पाणी कधी येते हेही पाहावे, कारण परतल्यावर ओटा आणि हात धुवायला पाणी नसेल तर सगळे अडून बसते.

परतल्यावर

आधी एकट्या प्रौढ व्यक्तीने आत जावे, समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात, एक्झॉस्ट आणि पंखे सुरू करावेत आणि स्वतः बाहेर येऊन थांबावे. तीस मिनिटे ते तासभर हवा खेळू द्यावी. वास येतो की नाही यावरून निर्णय घेऊ नये. हल्लीची अनेक औषधे जवळजवळ गंधहीन असतात, म्हणून वास नाही याचा अर्थ कड वाळली आहे असा होत नाही. आणि उलट, जो वास येतो तो पुष्कळदा द्रावकाचा असतो आणि कड वाळल्यानंतरही थोडा वेळ टिकतो. खात्री करायची तर फ्रीजमागे किंवा बाथरूमच्या उंबऱ्याशी टॉर्चच्या तिरक्या प्रकाशात पाहावे. ओली कड चमकते. शंका असेल तर घडी घातलेला टिश्यू पेपर तिथे दाबून पाहावा. ओल उतरली तर अजून थांबावे, आणि तो कागद कचऱ्यात टाकून हात साबणाने धुवावेत.

पुसण्याबाबत "दोन दिवस लादी पुसू नका" असा एकच निरोप दिला जातो, आणि जिथे मूल रांगते तिथे तो कोणीही पाळत नाही, पाळूही नये. याऐवजी असे करावे. ओटा, जेवणाचे टेबल, खोलीच्या मधली लादी आणि मूल जिथे जिथे हात लावते ते पृष्ठभाग साबणाच्या पाण्याने पुसावेत. भिंतीलगतची वीतभर पट्टी, कोपरे, पाइपांच्या भोवतालची जागा आणि ट्रॉलीचा आतला भाग यांना पंधरा दिवस हात लावू नये. रांगणारे बाळ कोपऱ्यात जात असेल तर तेवढा कोपरा फर्निचरने किंवा खुर्चीने अडवावा. ही वीतभर पट्टी राखली की औषधाचा थर राहतो आणि बाळाचा वावरही स्वच्छ राहतो.

पहिल्या आठवड्यात दिवसाढवळ्या काही झुरळे सुस्तपणे बाहेर येताना आणि उलटी पडलेली दिसतील. ते औषध लागू पडत असल्याचे लक्षण आहे. घाबरून त्यांच्यावर स्प्रे मारू नये, झाडून टाकावीत. दोन आठवड्यांनंतरही लहान पिल्ले दिसली तर दुसरी भेट हवी. या झुरळाची मादी एका अंडकोशात साधारण तीस-चाळीस अंडी घेऊन अंडी फुटायच्या सुमारापर्यंत स्वतःच्या शरीराला चिकटवून फिरते आणि त्या कोशातल्या अंड्यांपर्यंत औषध पोहोचत नाही. दुसरी भेट हा कंपनीचा उपकार नसून कामाचाच भाग आहे, आणि ती पहिल्या संदेशातच तारखेसह लिहिलेली असावी.

संदेश असा मागून घ्यावा

त्या कुटुंबाच्या तिसऱ्या भेटीसाठी आम्ही जो मजकूर ठरवला तो इथे देतो. घराप्रमाणे तो बदलून वापरता येईल.

"शनिवार, सकाळी 11 ते 1 या वेळेत कर्मचारी येईल. स्वयंपाकघरात फक्त जेल लावले जाईल (इमिडाक्लोप्रिड 2.15 टक्के). बाथरूम, संडास आणि मुख्य दाराच्या चौकटीला फवारणी होईल (डेल्टामेथ्रिन). हॉल आणि बेडरूममध्ये काम नाही. आदल्या रात्री ट्रॉल्या रिकाम्या करून, पुसून, कोरड्या ठेवाव्यात. फ्रीज फूटभर पुढे ओढावा. सिंकखालची जागा मोकळी करावी. बाथरूममधले ब्रश, साबण, बादल्या व टॉवेल बाहेर काढावेत. पाण्याचे पिंप व देवघर प्लास्टिकने झाकावे. काम चालू असताना एक प्रौढ व्यक्ती घरात थांबावी. आजी व बाळ यांनी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुसरीकडे राहावे. फवारणी संपल्याची वेळ कर्मचारी कागदावर लिहून देईल. त्या वेळेपासून पाच तासांनी एका व्यक्तीने येऊन खिडक्या उघडाव्यात आणि पाऊण तासाने इतरांनी यावे. बाथरूमच्या कडा व ट्रॉल्यांचा आतला भाग पंधरा दिवस पुसू नये. दुसरी भेट पंधरा दिवसांनी होईल. त्रास झाल्यास हा संदेश डॉक्टरांना दाखवावा."

शेवटचे वाक्य उगीच घातलेले नाही. चेहऱ्याला झिणझिण्या किंवा जळजळ, मळमळ, डोकेदुखी, खोकला यांपैकी काहीही झाल्यास आधी मोकळ्या हवेत जावे, अंगावरचे कपडे बदलावेत, त्वचा साबणाने धुवावी आणि दम लागत असेल तर लगेच रुग्णालय गाठावे. तिथे डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो की औषध कोणते होते. ऑर्गॅनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या दुसऱ्या गटातील विषबाधेवर अॅट्रोपिनसारखा ठरलेला उतारा आहे, पायरेथ्रॉइडवर लक्षणांनुसार उपचार करावे लागतात. म्हणजे नाव माहीत असण्याने उपचाराची दिशाच बदलते. "पेस्ट कंट्रोलवाल्यांनी काहीतरी मारलं" या उत्तराने त्यांना काहीच कळत नाही.

त्या घरात तिसऱ्या भेटीत कर्मचारी 11 वाजून 40 मिनिटांनी आला आणि फवारणी 12 वाजून 10 मिनिटांनी संपली, कारण फवारणीची जागाच आता थोडी होती. यजमान सव्वापाचला आले, खिडक्या उघडल्या, सहाला घर वावरायला मोकळे झाले. आजी रात्री मुलीकडेच राहिल्या. ट्रॉल्यांतील थेंब जागेवर राहिले आणि महिन्याअखेरीस स्वयंपाकघरात झुरळ दिसत नव्हते. बाथरूममध्ये मात्र मोठी, तांबूस झुरळे अधूनमधून येतच राहिली. ती वेगळ्या जातीची असतात आणि इमारतीच्या ड्रेनेज चेंबरमधून जाळीवाटे वर चढतात. एका घराच्या कामाने ती थांबत नाहीत. त्यासाठी सोसायटीने चेंबर आणि पाइपांच्या डक्टचे काम एकाच दिवशी करवून घ्यावे लागते, आणि तेव्हा निश्चितीचा संदेश त्या विंगमधल्या प्रत्येक घराला जायला हवा.

एक संदेश असा आहे की तो आला तर भेटच रद्द करावी. घराच्या फटी टेप लावून बंद करा, आम्ही गोळ्या ठेवू, चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तास कोणी येऊ नका, अशा सूचना असतील तर ते बहुधा अॅल्युमिनियम फॉस्फाइड असते. त्याच्या गोळ्यांतून फॉस्फिन हा प्राणघातक वायू निघतो. धान्याच्या कोठारांसाठी प्रशिक्षित माणसांच्या हातून वापरायचे ते औषध आहे. माणसे राहतात त्या इमारतीत त्याला अजिबात जागा नाही. फटी कितीही बंद केल्या तरी वायू भिंतीतल्या वायरींच्या नळ्यांतून आणि डक्टमधून शेजारच्या झोपलेल्या घरात जातो, आणि आपल्याकडे अशाने माणसे दगावली आहेत. ढेकणांसाठी हा उपाय स्वस्तात सुचवला जातो. तो नाकारावा, कंपनीकडे कीटकनाशके अधिनियम, 1968 खालील परवाना आहे का ते विचारावे, आणि शेजारच्या घरात असे काही चालले आहे असे कळले, किंवा लसणासारखा अथवा कुजक्या मासळीसारखा वास आला, तर खिडकी उघडून वाट पाहत न बसता घरातल्या सर्वांना घेऊन इमारतीबाहेर पडावे, वॉचमनला आणि शेजाऱ्यांना सांगावे आणि अग्निशमन दलाला 101 वर कळवावे.